धार आधी, वैरण नंतर: सहा गाईंच्या गोठ्यातली पहाट

हडपसरला रतीब घालायचा म्हणजे सकाळी सहाच्या आत दूध दारात हवं. आमच्या गोठ्यात सहा संकरित गाई आणि हाताखाली एक गडी. त्यामुळे दोघांनी कोणतं काम कशानंतर करायचं हे ठरलेलं असावं लागतं.

पहाटे चारला गडी शेण उचलून उतार धुतो. वैरण मात्र अजून टाकायची नाही. कुट्टीची धूळ दुधात पडते आणि मुरघासाचा वास दुधाला लागतो. धारेला उभ्या गाईपुढे फक्त आंबोण ठेवा, म्हणजे ती स्थिर राहते.

मग कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी पुसा. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपात काढा. गाठी किंवा पाण्यासारखं दूध दिसलं, तर काससुजीची सुरुवात समजा. त्या गाईची धार शेवटी काढा, तिचं दूध रतिबात मिसळू नका आणि डॉक्टरांना बोलवा. पान्हा सुटला की सहा-सात मिनिटांत धार संपवायची, कारण पान्ह्याचा जोर तेवढाच टिकतो. मधेच फोन आला तरी उठू नका. अंगठा मुडपून ओढण्यापेक्षा पूर्ण मुठीने काढा, सडांना इजा होत नाही.

धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि आता वैरण टाका. सडांची तोंडं साधारण अर्धा तास उघडी असतात. गव्हाणीत वैरण असली की गाय खात उभी राहते. दोन वर्षांपूर्वी गडी नवा होता. लवकर आटपावं म्हणून त्याने वैरण आधीच टाकली. पोट भरलेल्या गाई धारेनंतर लगेच ओल्या शेणात बसल्या आणि महिन्याभरात दोघींना काससुजी झाली. एकीचं एक सड कायमचं गेलं.

आंबोणाचा हिशोब सोपा आहे. अंगापुरतं दीड किलो, वर दर लिटर दुधामागे ४०० ग्रॅम. दहा लिटरच्या गाईला दिवसाला साडेपाच किलो, दोन वेळांत अर्धं-अर्धं. गड्याच्या हाती त्याच मापाचा डबा द्या, अंदाजाने ओतू देऊ नका. पाणी दिवसभर पुढ्यात हवं.

दूध कापडातून गाळून कॅनमध्ये भरलं की मी सव्वापाचला निघतो. आदल्या संध्याकाळचं थंड केलेलं दूध वेगळ्या कॅनमध्ये, त्यात ताजं गरम दूध ओतलं तर नासायची भीती असते. तोवर गडी गोठा धुतो. रिकामे कॅन परतले की आधी थंड पाण्याने विसळायचे, मग सोड्याच्या गरम पाण्याने घासायचे. आधीच गरम पाणी घातलं तर दुधाचा थर चिकटून बसतो. शेवटी पालथे घालून वाळवायचे.

संध्याकाळी चारला पुन्हा धार. गाईनिहाय लिटर गडीच वहीत लिहितो. एखादीचं दूध एकदम लिटरभर उतरलं, तर त्या गाईजवळ दोघंही जाऊन आधी कास चाचपतो.