दुखतंय जांघेत, रिपोर्ट सांगतोय कमरेची गादी: एमआरआय वाचताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण थेट शेवटचं पान काढतात, 'इम्प्रेशन'खालच्या तीन ओळी वाचतात आणि 'डिस्क बल्ज' हे शब्द दिसले की कारण सापडलं असं धरून चालतात. लगेच घरी फोन जातो, "मणक्यात गॅप आलाय." त्यानंतर दुखतंय नक्की कुठे, हे कोणी विचारत नाही.

सगळ्यात मोठी चूक हीच. बल्ज म्हणजे दोन मणक्यांमधली गादी आपल्या कडेच्या थोडी बाहेर फुगलेली असणं. वय वाढतं तसं गादीतलं पाणी कमी होतं आणि ती बसते, त्यामुळे न दुखणाऱ्या कमरेतही ती फुगलेली दिसते. १९९४ साली कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय तपासले, तेव्हा ५२ टक्के लोकांत किमान एका जागी बल्ज निघाला. २०१५ साली अशा बऱ्याच अभ्यासांची एकत्र मांडणी झाली. त्यात काहीही न दुखणाऱ्यांमध्ये विशीत सुमारे ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के आणि ऐंशीत ८४ टक्के लोकांना बल्ज होता. म्हणजे पन्नाशीतल्या माणसाच्या रिपोर्टात बल्ज लिहिलेला असला, तर एवढ्यावरून दुखण्याबद्दल फारसं काही कळत नाही. तो बल्ज आणि ते दुखणं एकमेकांशी जुळतं का, ते वेगळं तपासावं लागतं.

आता एक केस सावकाश बघू. डिचोलीकडचे ५८ वर्षांचे कुळागरवाले. उजव्या जांघेत दुखतं, मांडीच्या पुढच्या बाजूनं कळ गुडघ्यापर्यंत उतरते. चवथीला पाटावर मांडी घालून बसता आलं नाही, उजव्या पायाची नखं कापता येत नाहीत, मोटरसायकलवर टांग टाकताना जीव जातो. रिपोर्ट म्हणतो: एल४-एल५ला गादी फुगलेली, त्यातून मध्याच्या डावीकडे प्रोट्रूजन, डाव्या एल५ नसेला स्पर्श. एल५-एस१ला सौम्य बल्ज, नसेवर दाब नाही. एल म्हणजे कमरेचे मणके, एस१ म्हणजे त्यांच्याखालच्या त्रिकास्थीचा पहिला मणका, आणि प्रोट्रूजन म्हणजे गादीचा एकाच जागी बाहेर आलेला फुगवटा. या रिपोर्टावर कमरेला पट्टा, ट्रॅक्शन आणि गोळ्या सुरू होतात. चार महिने जातात, जांघ तशीच.

पहिली विसंगती बाजूची. प्रोट्रूजन डावीकडे, दुखणं उजवीकडे. हे वाचायला दहा सेकंद लागतात, तरी 'डावा' हा शब्द सर्रास डोळ्यांखालून निसटतो. फिल्म स्वतः बघत असाल तर आडव्या कापात रुग्णाची उजवी बाजू तुमच्या डावीकडे येते. म्हणून फिल्मवर अंदाज बांधू नका, लिहिलेला शब्द वाचा.

दुसरी विसंगती नसेची, आणि इथे शिकलेली माणसंही चुकतात. एल४-एल५च्या गादीनं एल४ नस दाबली जाते असं वाटतं. पण एल४ नस त्या गादीच्या वरच, बाजूच्या छिद्रातून बाहेर पडलेली असते. मध्याजवळचा फुगवटा खाली निघालेल्या एल५ला गाठतो. फुगवटा अगदी बाजूला, छिद्रात किंवा त्याच्याही बाहेर असेल, तरच एल४ सापडते. म्हणून रिपोर्टात गादीच्या क्रमांकाइतकीच तिची दिशा महत्त्वाची.

मग ती नस दुखवते कुठे? एल५ पोटरीच्या बाहेरच्या बाजूनं पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे उतरते. ती अशक्त झाली तर अंगठा वर उचलायला आणि टाचांवर चालायला जड जातं. एस१ मागून पोटरीत आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळीकडे जाते. तिच्यात चवड्यांवर उभं राहणं अवघड होतं. एल४ मांडीच्या पुढून गुडघा ओलांडून नडगीच्या आतल्या बाजूला येते. या सीमा माणसागणिक थोड्या सरकतात, पण जांघ एल५च्या वाटेवर येत नाही. आपल्या बागायतदाराच्या दुखण्याला या रिपोर्टातली एकही नस उत्तर देत नाही.

तिसरी विसंगती हालचालींची. नस दाबलेली असेल तर उताणं झोपवून सरळ पाय साधारण ३० ते ७० अंश उचलताना कळ गुडघ्याच्या खाली धावते. मांडीच्या मागे नुसता ताण आला, तर ती चाचणी पॉझिटिव्ह धरू नये. ही घाईची चूक फार दिसते. या माणसाला तसं काहीच होत नाही. उलट गुडघा आणि खुबा काटकोनात वाकवून पाऊल बाहेरच्या बाजूला नेलं, म्हणजे मांडी आत वळवली, की जांघेत तीच ओळखीची कळ येते आणि डाव्या पायापेक्षा मांडी खूपच कमी वळते. बोट दाखवतंय खुब्याच्या सांध्याकडे. नखं, मांडी घालून बसणं, मोटरसायकल, या तिन्ही तक्रारी खुबा वाकवण्या-वळवण्याच्याच आहेत. ओटीपोटाचा, दोन्ही खुबे दिसतील असा साधा एक्स-रे काढला की सांध्यातली फट कमी झालेली दिसते. हा एक्स-रे एमआरआयच्या आधी व्हायला हवा होता, असं माझं ठाम मत आहे.

कधीकधी कंबर आणि खुबा दोन्ही बिघडलेले असतात. तेव्हा वाद घालत बसू नये. प्रतिमेच्या मदतीनं खुब्याच्या सांध्यात भूल देणारं इंजेक्शन देतात आणि पुढचे एक-दोन तास त्याच त्रासदायक हालचाली करून बघतात. जांघेतलं दुखणं जवळपास गेलं, तर ते खुब्यातलंच होतं.

रिपोर्ट उघडण्याआधी कागदावर माणसाची पुढची-मागची आकृती काढून दुखण्याची जागा पेनानं रंगवायची. वाचल्यावर रंगवलं, तर हात आपोआप रिपोर्टाच्या बाजूनं वळतो. हीच आकृती एमआरआयला जाताना चिठ्ठीला जोडा. चिठ्ठीवर नुसतं 'कंबरदुखी' लिहिलेलं असतं आणि रेडिऑलॉजिस्टला जांघेचं नावही कळत नाही. म्हणून तर तो शेवटी 'रुग्णाच्या तक्रारींशी पडताळून पाहावे' असं लिहितो. ती ओळ तो स्वतःला वाचवायला लिहीत नाही. ते काम पुढे कोणीतरी करायचं असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात. 'थेकल सॅकवर दाब' म्हणजे नसांभोवतीच्या पिशवीवर दाब, मज्जारज्जू दाबला असं नव्हे. मज्जारज्जू साधारण एल१-एल२ पाशी संपतो, त्याखाली नसांचा जुडगा असतो. बल्ज, प्रोट्रूजन आणि गादीतला गाभा बाहेर निसटलेलं एक्स्ट्रूजन यांना सरसकट 'स्लिप डिस्क' म्हणू नका. दुखणं फक्त कमरेच्या मधोमध असेल, तर एका बल्जवर बोट ठेवणं कोणालाच खात्रीनं जमत नाही.

मात्र लघवी अडली, गुदद्वाराभोवती किंवा मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाय झपाट्यानं लुळा पडू लागला, तर जुळतं की नाही हे बघत बसू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, बांबोळीला गोमेकॉत किंवा जवळच्या मोठ्या इस्पितळात पोचा. ताप किंवा घटणाऱ्या वजनासोबत रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल, तेही लगेच दाखवा.

आणि दुखणं थांबल्यावर 'गादी आत गेली का' बघायला पुन्हा एमआरआय करू नका. बल्ज बहुधा तिथेच असतो, आणि तो पुन्हा वाचून बरं वाटणारा माणूस पुन्हा पट्टा बांधतो.