बायबलमधला प्रश्न खरा आहे की टोमणा, ते ओळखून मराठीत कसा आणायचा

मालवण-वेंगुर्ल्याकडे प्रार्थनेत बायबलचा उतारा वाचतात तेव्हा बहुतेक लोक तो कानानेच ऐकतात, पुस्तक समोर नसतं. म्हणजे प्रश्नचिन्ह कोणालाच दिसत नाही. आणि तसंही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं फारशी नव्हतीच, ती नंतरच्या संपादकांनी घातलीत. त्यामुळे जो काय सूर आणायचा तो शब्दांतच यायला हवा.

आपण एकच उतारा घेऊ, मार्क ४:३५ ते ४१. होडी, वादळ, आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं टेकून झोपलेला. शिष्यांतले चार जण तर मुळात मासे पकडणारेच, म्हणजे असे लोक घाबरलेत तर वादळ कसलं असेल ते किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही.

सगळ्यात आधी प्रत्येक प्रश्नापुढे लिहून काढा की बोलणाऱ्याला उत्तर हवंय का, आणि नको असेल तर तो नक्की काय करतोय, चिडलाय, दटावतोय की थक्क झालाय. ग्रीकमध्ये यासाठी एक मदत मिळते. प्रश्नात 'ऊ' हा नकार असला तर बोलणारा 'हो' धरून चाललेला असतो, 'मे' असला तर 'नाही'. लूक ६:३९ मध्ये दोन्ही प्रकार लागोपाठ येतात: 'आंधळा थोडाच आंधळ्याला वाट दाखवणार? दोघंही खड्ड्यात जातील की नाही?' इथे 'थोडाच' आणि 'की नाही' एवढ्यावरच काम होतं, दोन्हीकडे नुसतं 'का' लावलं असतं तर पहिला प्रश्न परीक्षेतल्यासारखा वाटला असता.

आता होडीत या. ४:३८ मध्ये शिष्य त्याला उठवून जे म्हणतात त्यात तो 'ऊ' आहे. शब्दाला शब्द लावला तर होतं 'गुरुजी, आम्ही मरतोय याची तुम्हाला काळजी नाही का?' चुकीचं काही नाही, पण शांत बसून चौकशी केल्यासारखं वाटतं. हाच प्रसंग मत्तयने सांगितला तिथे ते 'प्रभू, वाचवा' म्हणतात, लूकमध्ये 'गुरुजी, गुरुजी, आम्ही मरतोय', प्रश्न दोघांकडेही नाही. म्हणजे मार्कमधला प्रश्न ही तक्रार आहे, जवळच्या माणसावर काढलेला राग. मी असं करीन: 'गुरुजी, आम्ही इथे मरतोय, तुम्हाला काहीच कसं वाटत नाही?' हे 'कसं' महत्त्वाचं, त्याने प्रश्नाचा ठपका होतो. पण 'तुम्हाला' ठेवायचं, 'तुला' केलं की राग जाऊन उद्धटपणा उरतो, आणि चिडले तरी हाक गुरुजी म्हणूनच मारलीय ना.

४:४० मध्ये येशू विचारतो ते सरळ 'तुम्ही का घाबरलात?' केलं तर ऐकणारा मनात म्हणणार, वादळ होतं म्हणून! कारण विचारलेलंच नाहीये, दटावलंय. 'एवढं घाबरायला काय झालं? अजूनही विश्वास नाही तुमचा?' इथे 'अजूनही' गाळू नका, मूळात 'अजून नाही' असाच शब्द आहे, म्हणजे इतके दिवस बरोबर राहून एव्हाना यायला हवा होता असा तो रोख.

शेवटचा ४:४१ अवघड. प्रश्न 'कोण' असा आहे पण कोणी नाव-गाव विचारत नाहीये, आणि आधीच्याच शब्दांत म्हटलंय की त्यांना फार भीती वाटली. 'किती महान आहेत हे!' असं विधान केलं तर भीती गेली, नुसती स्तुती राहिली. 'अरे बापरे' घातलं तर मालवणी नाटकातला विनोद होतो, लोक हसतात. 'हे आहेत तरी कोण! वारासुद्धा यांचं ऐकतो, समुद्रसुद्धा!' यातल्या 'तरी'मध्ये अचंबा येतो आणि प्रश्न प्रश्नच राहतो. शेवटी उद्गारचिन्ह द्या नाहीतर प्रश्नचिन्ह, ऐकणाऱ्याला काही फरक पडत नाही.

मग तपासायचं कसं? ज्याने हा भाग वाचलेला नाही अशा कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, एखाद्या तांडेलाला दाखवलंत तर उत्तमच. पण 'समजलं का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'शिष्य कसे बोलले, चिडून की विनवून?' असं विचारा. 'त्यांना माहीत नव्हतं म्हणून विचारलं' असं उत्तर आलं तर तुमचा प्रश्न अजून खराच प्रश्न राहिलाय, परत लिहा. आणि 'जरा जास्तच बोलले हो' असं म्हणाला तर थोडं सौम्य करा, बहुतेक वेळा एखादा 'काहीच' किंवा 'च' काढला की भागतं. मालवणीत करत असाल तर शेवटचा 'मां' जपून वापरा, 'तुमका काळजी आसा मां?' असं झालं तर तो टोमणा न होता प्रेमाने केलेली विचारपूस होते.