मानेवरच्या कडक पुटकुळ्या : आधी कटिंग बदला, मग औषध

औशाकडचा एक पोरगा गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. वय तेवीस, पोलीस भरतीची तयारी. मानेच्या मागे, केस जिथे संपतात त्या रेषेवर अकरा गाठी. "सर, दर पंधरा दिवसाला झिरो मारतो. कटिंग झाली की दोन दिवसांत खाज सुटायली, मग फोड यायलेत," तो म्हणाला. चार महिने तो मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब लावत होता. तिच्यात स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र होतं. खाज थांबायची, गाठी मात्र वाढत गेल्या.

या आजाराचं नाव अ‍ॅक्ने किलॉइडॅलिस न्यूकी. नावात अ‍ॅक्ने असलं तरी ही मुरुमं नाहीत आणि खरा किलॉइड, म्हणजे जखमेवर वाढत जाणारा जाड वण, तोही नाही. केसाच्या मुळाभोवती सूज येते, मुळाची भिंत फुटते आणि केसाचा तुकडा आतल्या मांसात अडकतो. शरीर त्याला काट्यासारखं परकं समजून त्याच्याभोवती कडक व्रण बांधतं. अगदी बारीक कटिंग, वस्तरा, कॉलरचं आणि हेल्मेटचं घासणं यांनी हे भडकतं. कुरळ्या केसांच्या तरुणांत, विशेषतः आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत, जास्त दिसतं, आपल्याकडेही होतं.

आधी ओळख पटवा. पुटकुळीवर बोट फिरवा. साधा फोड मऊ असतो आणि बहुधा आठ-दहा दिवसांत बसतो. ही गाठ ज्वारीच्या दाण्यासारखी टणक लागते आणि महिना झाला तरी जागची हलत नाही. जुन्या गाठीत एकाच छिद्रातून दोन-तीन केस झुपक्यासारखे वर आलेले दिसतात. गोल चट्टा असून कडेला कोंडा सुटत असेल तर ती बुरशी असू शकते, तिचा उपाय वेगळा. घरच्या कुणाला तरी मानेचा फोटो काढायला सांगा, शेजारी रुपयाचं नाणं धरून. पंधरा दिवसांनी तसाच दुसरा काढा. गाठी वाढल्या की कमी झाल्या, हे आरशापेक्षा त्या दोन फोटोंत नीट कळतं.

आता कटिंग. माझ्या मते अर्धा इलाज इथेच आहे, आणि याच ठिकाणी लोक ढिले पडतात. सलूनमध्ये खुर्चीवर बसतानाच सांगा : "मागे झिरो नको, वस्तरा नको, दोन नंबरचं गार्ड लावा." दोन नंबर म्हणजे साधारण सहा मिलीमीटर केस राहतात. एक नंबरच्या, म्हणजे तीन मिलीमीटरच्या खाली तर कधीच जाऊ नका. मानेवर रेघ मारून बॉर्डर काढणं पूर्ण बंद. सवयीने कारागिराचा हात शेवटी वस्तऱ्याकडे जातोच, म्हणून कटिंग संपत आली की पुन्हा आठवण करून द्या. मशीनचं पातं पुसून घ्यायला सांगा. मानेची जोरात मालिश नको.

घरी मऊ, सैल कॉलरचा शर्ट घाला. घामाने भिजलेला गमजा मानेवर तसाच ठेवू नका. गाठ फोडू नका, खाजवू नका. बेन्झॉइल पेरॉक्साइडचा वॉश मानेवर दिवसातून एकदा एक-दोन मिनिटं ठेवून धुवा. टॉवेल पांढरा वापरा, कारण रंगीत कापडाचा रंग त्याने उडतो.

औषध त्वचारोगतज्ज्ञानेच द्यावं. सुरुवातीच्या लहान गाठींवर क्लोबेटासोलसारखं तेज स्टिरॉइड साधारण दोन आठवडे लावून मग दोन आठवडे थांबवतात. त्या पोराच्या ट्यूबमध्येही स्टिरॉइडच होतं, हे मात्र मोजून दिलेलं. महिनोन् महिने लावलं तर कातडी पातळ होते. पू असेल तर क्लिंडामायसिन लावायला किंवा डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतात. ही गोळी जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या आणि लगेच आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जळजळ होते. गोळ्या चालू असताना आपल्याकडच्या उन्हात कातडी लवकर भाजते, तेव्हा मान झाका. टणक गाठीत ट्रायॅमसिनोलोनचं इंजेक्शन चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने देतात. तिथे कातडी काही काळ फिकी पडू शकते. सारखं उलटत असेल तर लेझरने तिथले केस कायमचे कमी करतात. गाठींचा जाड पट्टाच झाला असेल तर तो कापून काढावा लागतो.

पू वाहायला लागला, ठणका लागला किंवा ताप आला तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

त्या पोराने झिरो सोडला आणि तीन इंजेक्शनं घेतली. चार महिन्यांनी अकरातल्या आठ गाठी सपाट झाल्या होत्या. दोन जागी मात्र केस आले नाहीत, कारण तिथली मुळं आधीच व्रणात गेली होती. भरतीच्या मैदानावर बारीक कटिंग हवीच म्हणून त्याने विचारलं, तेव्हा मी एक नंबरचं गार्ड लिहून दिलं आणि ती चिठ्ठी सलूनमध्ये दाखवायला सांगितली.