अध्यक्षाचं निर्णायक मत: आधी नियमावली उघडा

चार संचालकांच्या कंपनीत नव्या गोदामाचा ठराव आला. अध्यक्षांसह दोघे बाजूने, दोघे विरोधात. अध्यक्षांनी आपलं दुसरं, म्हणजेच निर्णायक मत दिलं आणि ठराव ३-२ ने मंजूर झाला. हे चालतं का? बहुतेक वेळा हो, पण उत्तर कंपनीच्या नियमावलीत म्हणजे आर्टिकल्समध्ये असतं. कंपनी कायदा २०१३ मधल्या ‘टेबल एफ’ या नमुना नियमावलीतलं कलम ६८ संचालक मंडळाच्या अध्यक्षाला हा अधिकार देतं. भागधारकांच्या सभेसाठी मात्र टेबल एफमध्ये तशी तरतूद नाही. तिथे भागधारकांच्या सभा कशा चालवायच्या हे सांगणाऱ्या सचिवीय मानक एसएस-२ चा आधार मिळतो, आर्टिकल्समध्ये वेगळं काही नसेल तरच.

मतं खरोखर समसमान पडली तरच हे मत उपलब्ध होतं. वरच्याच बैठकीत विरोधातला एक जण तटस्थ राहिला असता, तर ठराव २-१ नेच मंजूर झाला असता आणि निर्णायक मताचा प्रश्नच आला नसता. विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात, त्यामुळे तिथे बरोबरी झाली की ठराव पडलाच. अध्यक्षांचा एखाद्या विषयात स्वतःचा हितसंबंध असेल आणि त्यांनी तेवढ्यापुरती खुर्ची दुसऱ्याकडे सोपवली असेल, तर निर्णायक मतही खुर्चीसोबत जातं.

पन्नास-पन्नास टक्के भागीदारीची कंपनी काढताय? मग अध्यक्षाला निर्णायक मत नसेल, असं आर्टिकल्समध्ये आधीच लिहून घ्या. नाहीतर ज्याचा अध्यक्ष, त्याची कंपनी!