रिझल्टनंतर मार्क चुकल्याचं कळलं तर

रिझल्ट लागल्यावर एका पोरीच्या प्रॅक्टिकलला 42 ऐवजी 24 दिसले. युनिव्हर्सिटीच्या परीक्षा कंट्रोलर साहेबांना लगेच पत्र नका टाकू बाप्पा, आधी वरचे-खालचे दहा सीट नंबर ताडून पाहा. माझ्याकडे एक पोरगा गैरहजर होता, त्याची ओळ सुटली न् खालच्या सगळ्यांचे मार्क एकेक ओळ वर सरकले होते, म्हणजे पोरगी एकटी नव्हती, सहा जण होते.

मग एकच पत्र, प्रिन्सिपलमार्फत:
1. सीट नंबर, विषय कोड, छापलेले मार्क, खरे मार्क, अंकी न् अक्षरी.
2. चूक कशी झाली, एका ओळीत. आपली असेल तर तसंच लिहा.
3. सही केलेल्या मूळ मार्कलिस्टची साक्षांकित झेरॉक्स.

दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर घ्या. मूळ लिस्टवर मात्र पेन लावू नका, खाडाखोड दिसली की चूक सोडून तुमचीच चौकशी लागते.