माळ्यावर सापडलेल्या काचेच्या निगेटिव्ह आणि मॅजिक लँटर्नच्या स्लाइड : ओळख कशी पटवावी, हाताळणी कशी करावी

जुन्या काचेच्या निगेटिव्ह वर्षानुवर्षे माळ्यावर पडून राहिल्याने जितक्या खराब होतात, त्याहून अधिक त्या सापडल्याच्या पहिल्या तासात खराब होतात, कारण सापडणारा माणूस त्या प्रेमाने पुसायला घेतो. ओले फडके, स्पिरिट किंवा खिडकीच्या काचा पुसण्याचा फवारा यांपैकी काहीही चुकीच्या बाजूला लागले, तर चित्राचा थर काचेवरून सुटू शकतो आणि सुटलेला थर परत बसवता येत नाही. म्हणून आधी ओळख आणि मगच गरज असल्यास स्वच्छता, हा क्रम पाळावा. ओळख पटवण्यासाठी चांगला उजेड, एक भिंग आणि थोडा धीर एवढेच लागते.

बडोद्यात अशा पेट्या मिळण्याला कारणे आहेत. सयाजीराव महाराजांच्या काळात, १८९० मध्ये, येथे कलाभवन सुरू झाले आणि दादासाहेब फाळके यांनी येथेच शिक्षण घेतले. पुढे संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात दृश्यशिक्षणाची स्वतंत्र शाखा होती आणि तिच्यामार्फत लोकांना मॅजिक लँटर्नची, म्हणजे काचेवरचे चित्र दिव्याच्या उजेडाने पडद्यावर पाडणाऱ्या यंत्राची चित्रे दाखवली जात. त्यामुळे दांडिया बाजार, रावपुरा किंवा घडियाळी पोळ येथील एखाद्या वाड्यात, घरात कोणी शिक्षक, छायाचित्रकार किंवा दरबारी नोकर होऊन गेला असेल, तर निगेटिव्ह आणि स्लाइड एकाच पेटीत सापडणे मुळीच अशक्य नाही.

पेटी खाली आणण्यापूर्वी

काच जड असते आणि जुन्या पेटीचा तळ कुजलेला असू शकतो. पेटी कडी धरून न उचलता तळाखाली दोन्ही हात घालून उचलावी आणि शिडीवर दोघांनी मिळून उतरवावी. मे महिन्यात माळा तापलेला असताना हे काम करू नये, सकाळची वेळ निवडावी. धुळीत बुरशी आणि काचेचे कण असतात, म्हणून तोंडाला मास्क आणि हातांत नायट्राइलचे हातमोजे घालावेत. सुती हातमोजे घसरतात आणि त्यांचे धागे काचेच्या खडबडीत कडेला अडकतात, त्यामुळे ते टाळलेलेच बरे. टेबलावर जाड मऊ चादर घालून वर स्वच्छ पांढरा कागद पसरावा आणि पंखा बंद ठेवावा.

एक सावधगिरी येथेच सांगतो. पुठ्ठ्याचा एखादा डबा मूळ कागदी पट्टीने बंद असेल, किंवा आत काळ्या कागदाची गुंडाळी असेल, तर तो उजेडात उघडू नये. त्यात छायाचित्र घेतलेल्या, पण कधीच न धुतलेल्या काचा असू शकतात आणि त्यांवरचे अदृश्य चित्र उजेड लागताच नष्ट होते. असा डबा तसाच बाजूला ठेवावा. तसेच काचांबरोबर लवचिक फिल्मची निगेटिव्ह असतील आणि ती चिकट झाली असतील किंवा त्यांना उग्र आंबट वास येत असेल, तर ती सेल्युलोज नायट्रेटची असण्याची शक्यता असते. ती फार सहज पेट घेतात. ती लगेच वेगळी करून उष्णतेपासून दूर, मोकळ्या हवेत ठेवावीत आणि जाणकाराला दाखवावीत.

आधी निगेटिव्ह की स्लाइड, हे ठरवावे

प्रत्येक काच दोन्ही हातांच्या बोटांनी समोरासमोरच्या कडा धरून उचलावी, एका कोपऱ्याने कधीही नाही. ती खिडकीकडे धरून पाहिली असता चेहरे काळे आणि केस पांढरे दिसले, तर ती निगेटिव्ह आहे. चित्र सरळ, म्हणजे पडद्यावर दिसावे तसे असेल, तर बहुधा ती लँटर्नची स्लाइड आहे.

स्लाइडची आणखी खूण म्हणजे तिची बांधणी. ब्रिटिश पद्धतीची स्लाइड चौरस असते, प्रत्येक बाजू सव्वातीन इंच, म्हणजे सुमारे ८.२ सेंटिमीटर. अमेरिकन पद्धतीची स्लाइड ३¼ × ४ इंचांची असते. चित्राच्या काचेवर दुसरी संरक्षक काच ठेवून चारही कडा काळ्या कागदी पट्टीने बांधलेल्या असतात आणि दोन्हींच्या मध्ये चित्राभोवती काळ्या कागदाची चौकट असते. कडेजवळ दिसणारा पांढरा गोल ठिपका स्लाइड यंत्रात कशी घालायची, हे कळावे म्हणून असतो. तो आणि शीर्षकाची कागदी चिठ्ठी काढून टाकू नये. त्याहून जुन्या काही स्लाइड लाकडी चौकटीत बसवलेल्या असतात आणि त्यांत चित्र हलवण्यासाठी दांडी किंवा सरकती काच असते. ती फिरवून पाहण्याचा मोह आवरावा, कारण काच काचेवर घासून रंग खरवडला जातो.

स्लाइडवरचे चित्र हाताने रंगवलेले आहे की छायाचित्र आहे, हे दहापट भिंगातून दिसते. कुंचल्याचे फटकारे आणि रंगाचे थर दिसले, तर ती रंगवलेली आहे. फिक्यापासून गडदापर्यंत छटा अखंड असून त्यांवर रंगाचा पातळ हात दिसला, तर ते रंगवलेले छायाचित्र आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये सुरू केलेल्या ‘शांबरिक खरोलिका’ या मॅजिक लँटर्नच्या खेळांत हाताने रंगवलेल्या स्लाइड वापरल्या जात. असे रंग पाण्याने किंवा स्पिरिटने सुटू शकतात, म्हणून रंगवलेल्या स्लाइडच्या चित्राच्या बाजूला कोणताही द्रव लावायचा नाही.

निगेटिव्ह कोणत्या प्रकारची

घरात मिळणाऱ्या बहुतेक काचा जिलेटिनच्या, म्हणजे कोरड्या प्लेटच्या असतात. ही पद्धत रिचर्ड मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये मांडली आणि त्या दशकाच्या अखेरीपासून कारखान्यात तयार झालेल्या प्लेट बाजारात येऊ लागल्या. त्याआधीची कोलोडियनची ओली प्लेट फ्रेडरिक आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केली होती. ती छायाचित्रकाराला स्वतःच्या हाताने ओतून, ओली असतानाच वापरावी लागे. हा फरक काचेवर उमटलेला असतो आणि ओळखीचा खरा आधार तोच आहे.

जिलेटिनच्या प्लेटचा थर सारखा आणि कडेपर्यंत पसरलेला असतो, काच एकसारख्या जाडीची असते आणि चित्र करड्या-काळ्या रंगाचे असते. काच तिरकी धरली की कडांजवळ निळसर, आरशासारखी चमक दिसते. ती धूळ किंवा डाग नव्हे, ती चित्रातलीच चांदी पृष्ठभागावर आलेली असते, म्हणून ती पुसून काढायची नाही. कोलोडियनच्या प्लेटवर ओतलेल्या द्रवाचे ओघळ कडेला दिसतात, एखादा कोपरा जेथे बोटांनी धरला होता तेथे कोराच असतो, काचेच्या कडा हाताने कापल्याने ओबडधोबड असतात आणि रंग दूध घातलेल्या कॉफीसारखा पिवळसर तपकिरी असतो. तिच्यावर बहुधा वार्निश असते, त्यामुळे दोन्ही बाजू चकचकीत दिसतात. स्पिरिटने वार्निशही विरघळते आणि त्याखालचा थरही, म्हणून कोलोडियनची प्लेट आहे असा संशय जरी आला, तरी स्वच्छतेचा विचार सोडून द्यावा.

जिलेटिनच्या प्लेटची थराची बाजू ओळखणे सोपे आहे. उजेड तिरका पडेल अशी काच धरली की काचेची बाजू स्वच्छ परावर्तन दाखवते आणि थराची बाजू किंचित मंद दिसते. ओलसर बोट लावून पाहण्याची जी रीत सांगितली जाते, ती वापरू नये, कारण तो ठसा कायमचा राहतो.

एक पेटी, प्रत्यक्षात

रावपुऱ्यातील एका वाड्यातून उतरवलेली पेटी पाहण्याचा योग आला होता. तिच्यात इलफर्ड या प्लेट बनवणाऱ्या कंपनीचा पुठ्ठ्याचा एक डबा होता, त्यात जुन्या वर्तमानपत्रांचे कागद घालून ठेवलेल्या हाफ प्लेट आकाराच्या, म्हणजे ४¾ × ६½ इंचांच्या काचा होत्या आणि शेजारी चौरस स्लाइड होत्या. डब्यावरचे नाव पाहून काचांचा काळ ठरवण्याची घाई आम्ही केली नाही, कारण रिकामे डबे पुढे कित्येक वर्षे इतर काचांसाठी वापरले जात. वर्तमानपत्रावरची तारीख काचा केव्हा गुंडाळल्या एवढेच सांगते, तरी तो पुरावा म्हणून प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात, कोणत्या काचेचा ते पेन्सिलीने लिहून ठेवला.

दोन काचा थराला थर लागून घट्ट चिकटल्या होत्या. पावसाळ्यातील दमटपणात जिलेटिन फुगते आणि मऊ होते, मग वाळताना शेजारच्या थराशी एकजीव होते. अशा वेळी सुरी घालणे, वाफ देणे किंवा पाण्यात भिजवणे यांपैकी काहीही करू नये. त्या जोडीला एकच वस्तू मानून पुठ्ठ्यावर आडवे ठेवले आणि कामासाठी तज्ज्ञांकडे नेण्याचे ठरवले. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्र विभाग आहे आणि बडोद्यातील वाचकाने विचारपूस तेथून सुरू करावी, असे मला वाटते.

एका स्लाइडची वरची संरक्षक काच तडकली होती, मात्र चित्राची काच शाबूत होती. पट्टी उकलून काच बदलणे अवघड नसले, तरी घरी ते करू नये, कारण पट्टीबरोबर चित्राचा थर उचलला जाऊ शकतो. तुटलेल्या निगेटिव्हचे तुकडे थर वर ठेवून पुठ्ठ्यावर आडवे मांडले आणि कडा एकमेकींवर घासू नयेत म्हणून मध्ये पुठ्ठ्याच्या पट्ट्या घातल्या. डिंक आणि चिकटपट्टी दोन्ही वर्ज्य.

स्वच्छता म्हणाल तर एवढीच : हवेच्या रबरी फुग्याने सैल धूळ उडवावी, मग काचेच्या बाजूवर मऊ ब्रश फिरवावा. जिलेटिनच्या प्लेटवर थर कोठेही सुटत नसेल, तर आणि तरच, काचेची बाजू ऊर्ध्वपातित पाण्याने जेमतेम दमट केलेल्या मऊ कापडाने पुसता येते, मात्र कडेपासून अर्धा सेंटिमीटर आत थांबावे, म्हणजे पाणी पलीकडे थरापर्यंत झिरपत नाही.

ठेवण कशी आणि कोठे

प्रत्येक काच आम्लविरहित कागदाच्या चार पदरांच्या घडीत, चिकटवण न वापरता, वेगळी गुंडाळावी. नोंद पेन्सिलीने आणि काच आत घालण्यापूर्वी लिहावी. प्लॅस्टिकची पिशवी, तपकिरी कागद आणि रबरबँड टाळावेत. अखंड काचा लांब कडेवर उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचल्या तर खालच्या काचेवर सगळ्यांचा भार येतो. पेटी मजबूत असावी आणि तिच्यात काचा हलणार नाहीत एवढेच भरावे.

हवेतील सापेक्ष आर्द्रता ३० ते ४० टक्के असणे उत्तम, पण बडोद्याच्या पावसाळ्यात घरगुती कपाटात ते साधत नाही. ६० टक्क्यांच्या खाली ठेवता आले, तरी बुरशीला बराच आळा बसतो, म्हणून कपाटात आर्द्रतामापक ठेवून सिलिका जेलच्या पुड्या वेळोवेळी बदलाव्यात. उलट फार कोरडे केले तर जिलेटिन आकसून कडेला सुटते. तळमजला टाळावा, कारण विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरते हे ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा दिसले. माळाही टाळावा, कारण उन्हाळ्यात तेथेच सर्वाधिक उष्णता साचते. पहिल्या मजल्यावरील, बाहेरच्या भिंतीला न टेकलेले लोखंडी कपाट बरे.

काचांच्या प्रती काढायच्या असतील, तर खालून थंड एलईडी उजेड दिलेल्या दुधी अ‍ॅक्रिलिकवर काच थर वर ठेवून मांडावी आणि छायाचित्र घ्यावे. निगेटिव्ह थराच्या बाजूने पाहिल्यास चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे येते, म्हणून संगणकावर ते आडवे फिरवून मग रंग उलटवावेत. बाजू बरोबर आहे का, हे दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून पडताळावे. पदर कोणत्या खांद्यावर आहे, यावर बडोद्यात विसंबून चालत नाही, कारण मराठी पद्धतीने तो डाव्या खांद्यावर असतो आणि गुजराती पद्धतीने उजव्या.

आणि पुराचे किंवा गळतीचे पाणी लागलेच, तर काचा पाकिटातच वाळू देऊ नयेत. त्या लगेच बाहेर काढून, थराला काही टेकणार नाही अशा रीतीने एकेक उभी करून, पंख्याचा थेट झोत किंवा ऊन न लावता, सावलीत वाळू द्याव्यात.