एका तासिकेच्या तयारीला चार तास लागत होते, ते पन्नास मिनिटांवर कसे आणले

लक्षण: अकरावीच्या अर्थशास्त्राची एक तासिका, आणि तयारीत अख्खी संध्याकाळ जायची. स्लाइडचे रंग, आणखी एक आलेख, आणखी एक उदाहरण. पहाटे उठून पाहिलं, मोबाइलवर गजर लावून पाहिला. गजर बंद करून मी पुढे चालूच. फार वैताग आला होता.

शेवटी जमलं ते या क्रमाने. तयारी रात्री न ठेवता संध्याकाळी ५.१० ला सुरू केली, कारण ६ वाजता मुलीला क्लासहून आणावंच लागतं. पहिली १० मिनिटं फक्त कागदावर: तीन मुद्दे, एक उदाहरण. लॅपटॉप बंद. पुढची २५ मिनिटं स्लाइड, जास्तीत जास्त सहा. उरलेली १५ मिनिटं मोठ्याने बोलून पाहणं. मध्येच सुचलेलं सगळं चिठ्ठीवर, स्लाइडवर नाही. ६ ला फाइल बंद.

मागणीच्या लवचिकतेला तीनदा वेळ पुरला नाही, म्हणून तो धडा दोन दिवसांत विभागला; मिनिटं वाढवली नाहीत. नवा विषय समजून घेण्याचं वाचन मात्र यात बसत नाही, ते मी रविवारी वेगळं करते.